पाऊण मीटर कुठे येतं?

ग्रुपवर सगळे आपापल्या सुरतच्या आठवणी लिहितात. कुणी उधन्याच्या चाळीबद्दल, कुणी भुसावळ पॅसेंजरमधून पहिल्यांदा सुरतला उतरल्याबद्दल. मी लिंबायत भागातल्या मराठी शाळेत तीस वर्षं चौथी-पाचवीला शिकवलं, तेव्हा माझ्याकडे शाळेच्याच आठवणी. पण आज लिहितेय ती आठवण शाळा सुटल्यानंतरची आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्याच एका चुकीची आहे. ती दुरुस्त व्हायला वीस-बावीस वर्षं लागली.

गेल्या पावसाळ्यात रात्री नऊच्या सुमारास फोनवर एक फोटो आला. पाठोपाठ मेसेज, "बाई, हे काय आहे? उद्या द्यायचंय." पाठवणारी माझी जुनी विद्यार्थिनी. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. सातवीपर्यंत शिकली, मग कामाला लागली, मग लग्न. आता घरी बसून साड्यांना लेस-पट्टी लावायचं काम करते. मुलगा चौथीत, इंग्रजी माध्यमात. शाळेनं वर्कशीटचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता, तोच तिनं मला पुढे ढकलला.

फोटो तिरका होता. कागद टेबलावर ठेवून बाजूनं काढलेला, त्यामुळे रेषेची उजवी बाजू लांब गेल्यासारखी आणि तिकडचे भाग बारीक दिसत होते. खालच्या रेषेचं उजवं टोक तर कापलंच गेलं होतं. मी फोन केला तर मागून पोरगा ओरडत होता, "हे सारखे पार्ट नाहीच आहेत! मम्मीला नाही येत, ट्यूशन लाव!"

त्याचं अर्धं बरोबर होतं. फोटोत ते भाग सारखे नव्हतेच. म्हणून मी आधी तिला सांगितलं, फोटोवर काही करू नका. कागदावर पट्टीनं रेषा काढा, टोकांना आकडे लिहा आणि मग बघू. अपूर्णांकाच्या गणितात "सारखे भाग" ही पहिली अट असते, आणि तीच जर फोटोनं बिघडवली तर पोराला दोष देऊन काय उपयोग?

पहिला प्रश्न सोपा होता. संख्यारेषा ० पासून १ पर्यंत, मध्ये चार सारखे भाग केलेले. त्यावर ३/४ दाखवा. थोड्या वेळानं तिनं उत्तराचा फोटो पाठवला. पोरानं टिंब बरोबर मधोमध दिलं होतं.

मी विचारलं, "कसं मोजलंस रे?"

"एक, दोन, तीन." तो शून्याच्या रेघेला एक म्हणत होता, पुढच्या रेघेला दोन, त्याच्या पुढच्या रेघेला तीन. चौथीतली निम्मी मुलं हेच करतात. रेघा मोजतात, मधली अंतरं मोजत नाहीत. चार भाग असले की रेघा पाच असतात, आणि शून्याची रेघ मोजली की सगळं एकानं मागे सरकतं.

मग मी माझं नेहमीचं शिकवणं सुरू केलं. "हे बघ, पूर्ण घ्यायचं, त्याचे चार सारखे भाग करायचे, त्यातले तीन घ्यायचे. चारापैकी तीन." वर्गात मी आयुष्यभर हेच सांगितलं. फळ्यावर भाकरी काढायची, चार तुकडे करायचे, तीन रंगवायचे. पोराला समजलं, त्यानं टिंब पुढे सरकवलं. मी खूश.

दुसऱ्या प्रश्नानं माझी खुशी उतरवली. रेषा ० पासून २ पर्यंत. मध्ये १ लिहिलेला, आणि प्रत्येक एकाचे चार भाग, म्हणजे एकूण आठ. त्यावरही ३/४ दाखवायचं होतं. पोरानं माझं ऐकलं आणि अगदी तसंच केलं. पूर्ण घेतलं, म्हणजे अख्खी रेषा. तिचे चार सारखे भाग केले, प्रत्येक भागात दोन-दोन घरं आली. त्यातले तीन घेतले. टिंब पडलं १ आणि २ च्या बरोबर मध्ये, म्हणजे दीडवर.

तिनं फोटो पाठवून लिहिलं, "बरोबर ना बाई? मी पण असंच केलं."

मंडळी, माझा हात थांबला. पोरानं चूक केली नव्हती. मी सांगितलं ते त्यानं केलं होतं. भाकरीच्या चित्रात पूर्ण म्हणजे काय हे विचारावं लागत नाही. समोर एकच भाकरी असते, तीच पूर्ण. रेषेवर पूर्ण म्हणजे रेषेचं शेवटचं टोक नव्हे. पूर्ण म्हणजे ० पासून १ पर्यंतचं अंतर, मग रेषा पुढे २ पर्यंत जावो की १० पर्यंत. ही गोष्ट मी तीस वर्षांत एकदाही मोठ्यानं सांगितली नव्हती, कारण मी रेषा वापरलीच नव्हती. आमच्या वेळी पास व्हायला रंगवलेले तुकडे पुरत होते.

मी फोनवर समजवायला लागले तर ती मध्येच म्हणाली, "बाई, राग मानू नका. माले तर तेव्हाबी समजलं नव्हतं. पाच छेद चार आलं की मी तुमच्याकडे बघून नुसती मान हलवायची. चारातले पाच कसे घेणार?"

चारातले पाच कसे घेणार! वीस-बावीस वर्षं हा प्रश्न तिच्या पोटात होता. आणि प्रश्न चुकीचा नव्हता, माझं "चारापैकी" चुकीचं होतं. भाकरीचे चार तुकडे केले तर त्यातले पाच कुणालाच घेता येत नाहीत.

मी म्हटलं, "उद्याचं उद्या. शाळेला सांग एक दिवस लागेल. संध्याकाळी पोराला घेऊन ये. आणि येताना तुझा टेप आण."

"कोणता टेप?"

"लेस मोजतेस तो."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. पोरगा तोंड फुगवून. मी वर्कशीट बाजूला ठेवलं, टेप जमिनीवर ताणला आणि तिला विचारलं, "पाऊण मीटर कुठे येतं?"

तिनं न बघता ७५ वर बोट ठेवलं.

"पाव मीटर?" २५. "अर्धा?" ५०. "सव्वा?" १२५. हात असा चालत होता की पोरगा वाकून बघायला लागला. शिंप्याचा टेप दीड मीटरचा असतो, १५० वर संपतो. मी मुलाला विचारलं, "टेपचं टोक म्हणजे किती?" तो गुजरातीत म्हणाला, "दोढ!" सुरतचं पोरगं, दुकानात सवा, दोढ, अढी ऐकतच मोठं झालेलं.

मग मी त्याचं कालचं उत्तर पुढे केलं. "पाऊण मीटर लेस मागितली आणि तू दीड मीटर कापलीस, तर?"

आई हसली. "शेठ माझ्या पैशातून कापेल."

इथे त्याला पहिल्यांदा कळलं की चूक म्हणजे नेमकं काय झालं होतं. टेप दीड मीटरचा आहे म्हणून पाऊण मीटर सरकत नाही. पाच मीटरचा टेप आणला तरी पाऊण मीटर तिथेच. मीटर जिथे संपतो ते आपलं १, आणि ३/४ त्या एकाचं. टेप किती लांब आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

मग शून्याचं. मी विचारलं, "टेपवर शून्य दाखव." त्यानं शोधलं, सापडेना. टेपवर ० छापलेलं नसतंच. पत्र्याच्या टोकाची कड म्हणजे शून्य. "आणि १ कुठे लिहिलाय?" कडेपासून एक सेंटीमीटर पुढे. म्हणजे १ हा पहिल्या घराच्या शेवटी लिहितात, सुरुवातीला नाही. मी म्हटलं, "तू काल कडेलाच एक म्हणालास. मम्मीनं असं मोजलं तर प्रत्येक साडीला लेस कमी पडेल." तेव्हापासून आम्ही रेघ मोजायची नाही असं ठरवलं. बोट शून्यावर ठेवायचं, तोंड बंद. बोटानं उडी मारली की मगच "एक" म्हणायचं.

आता मला माझ्या वडिलांची आठवण आली. ते धुळ्याला कापडाच्या दुकानात होते. आमच्या लहानपणी ते पावकी म्हणून दाखवायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, असे अपूर्णांकांचे पाढेच असायचे तेव्हा. रुपयाला सोळा आणे होते, चार आणे म्हणजे पाव रुपया, त्यामुळे त्या पाढ्यांशिवाय हिशेब अडायचा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि पुढे शाळांतून ते पाढे मागे पडत गेले. मला ते जुनाट वाटायचे. त्या संध्याकाळी टेपसमोर बसल्यावर लक्षात आलं की पावकी म्हणजे तोंडी संख्यारेषाच होती. एक पाव, दोन पाव म्हणजे अर्धा, तीन पाव म्हणजे पाऊण, चार पाव म्हणजे एक. आणि महत्त्वाचं म्हणजे पावकी चारावर थांबत नाही. पाच पाव म्हणजे सव्वा, सहा पाव म्हणजे दीड.

मी तिला म्हटलं, "५/४ ला चारापैकी पाच म्हणू नकोस. पाच पाव म्हण."

ती गप्प झाली. मग टेपवर बोटानं उड्या मारत गेली. २५, ५०, ७५, १००, १२५. "पाच पाव. सव्वा मीटर." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढंच होतं?"

एवढंच होतं. खालचा आकडा, म्हणजे छेद, सांगतो की एका मीटरचे किती सारखे तुकडे केले, म्हणजे एक उडी केवढी. वरचा आकडा, म्हणजे अंश, सांगतो की शून्यापासून तशा किती उड्या मारल्या. उड्या कितीही मारता येतात, १ आलं म्हणून रस्ता संपत नाही. पोरानं वर्कशीटची दुसरी रेषा घेतली, शून्यावर बोट ठेवलं, तीन उड्या मारून ३/४ केलं आणि पाच उड्या मारून ५/४. दोन्ही बरोबर.

तिसरा प्रश्न कोऱ्या रेषेचा होता. फक्त ० आणि १ दिलेले, ३/५ दाखवा. इथे भाग आपणच पाडायचे. पोरानं मध्ये पाच रेघा मारल्या आणि तिसऱ्या रेघेवर टिंब दिलं. मी विचारलं, "अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे?" तो म्हणाला, "अर्ध्यावरच." मग त्यालाच शंका आली. पाचाचं अर्धं अडीच, तीन उड्या अडीचच्या पुढे जायला हव्यात.

मंडळी, गंमत बघा. पहिल्या प्रश्नात शून्याची रेघ मोजली तेव्हाही टिंब अर्ध्यावर पडलं होतं, आणि आता मध्ये पाच रेघा मारल्या तेव्हाही अर्ध्यावरच. चुका वेगळ्या, पण दोन्ही एकाच प्रश्नानं पकडल्या गेल्या. म्हणून टिंब द्यायच्या आधी अर्धा कुठे ते बोटानं दाखवून घ्यायचं, मग विचारायचं की उत्तर कुठल्या बाजूला येणार. आईला छेद-अंश आठवले नाहीत तरी हा प्रश्न विचारता येतो.

पाच रेघांची चूक समजावायला मला बोलावंच लागलं नाही. आईच म्हणाली, "अरे, ताक्यातून पाच तुकडे करायचे तर कात्री किती वेळा चालवायची? चार वेळा!" मध्ये पाच रेघा मारल्या की तुकडे सहा होतात. पाच भागांना मधल्या रेघा चारच.

पण इथे पावकी संपली. पाचव्या भागाला आपल्या बोलण्यात पावासारखा रोजचा शब्द नाही, पंचमांश हा पुस्तकी. आणि डोळ्यानं पाच सारखे भाग पाडणं मोठ्या माणसालाही जमत नाही. पहिले तीन भाग मोठे पडतात आणि शेवटचे दोन दाटीवाटीनं बसतात. चार भागांना कागदाची पट्टी दोनदा अर्धी दुमडली की काम होतं, पाच भागांना घडी चालत नाही. म्हणून रेषेची लांबीच हिशेबानं घ्यायची. मी जुन्या कॅलेंडरच्या मागे २० सेंटीमीटरची रेषा काढायला लावली. २० ला ४ नं भाग जातो आणि ५ नंही जातो. चौथ्या भागाची उडी ५ सेंटीमीटर, पाचव्या भागाची ४. त्याच रेषेवर वरच्या बाजूनं ३/४ काढलं, ते १५ वर आलं. खालच्या बाजूनं ३/५ काढलं, ते १२ वर.

शेवटचा प्रश्न होता, ३/४ आणि ३/५ यात मोठा कोणता? आदल्या रात्री पोरानं ३/५ लिहिलं होतं, कारण पाच चारापेक्षा मोठा. आता त्यानं कॅलेंडरकडे बघितलं, खोडरबर घेतला आणि स्वतःच खोडलं. मी विचारलं, का? म्हणाला, "उड्या दोघांच्या तीन-तीन. पण याची उडी छोटी." फक्त एक सांभाळायचं, दोन्ही अपूर्णांक एकाच लांबीच्या एकावर काढायचे. एक रेषा १२ सेंटीमीटरची आणि दुसरी २० ची घेतली तर ३/४ येतं ९ वर आणि ३/५ येतं १२ वर, आणि पोरगं पुन्हा फसतं.

जाताना ती टेप गुंडाळत होती. मी म्हटलं, "वर्गात मान हलवलीस तेव्हा बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही इतकं छान भाकरीचं चित्र काढायच्या, बाई. मला वाटायचं माझंच डोकं नाही." यावर मी काय बोलणार? तिला चहा घ्यायला थांबवलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो आला. या वेळी कागदाच्या बरोबर वरून काढलेला, चारही कोपरे दिसत होते. रेषा ० ते २, प्रश्न ७/४ चा. टिंब बरोबर, आणि खाली मराठीत तिच्या अक्षरात लिहिलेलं, "पावणेदोन". मी फोन करून विचारलं, "सात उड्या मोजल्यास?"

"पोरानं मोजल्या. मी दोनपासून एक पाव मागे आले. दोघांचं एकाच जागी आलं."

मग म्हणाली, "पण बाई, पुढचा अडकलाय. २/३. टेपवर शंभराचे तीन भाग सारखे पडतच नाहीत, ३३ वर थोडं उरतंय."

मी म्हटलं, "टेप उलटा कर. मागे इंच आहेत. बारा इंचाचा एक फूट, त्यालाच १ धर."

थोडा वेळ फोनवर नुसता टेपचा आवाज. मग पोराचा, "चार, आठ... आठ इंचावर!" आणि लगेच दुसरा प्रश्न, "पण बाई, परवा तर १ शंभरावर होता. आज बारावर कसा?"

फोन आईच्या हातात गेला. मी काही सांगायच्या आधीच ती त्याला सांगत होती, "१ कुठे आहे ते आधी बघायचं. मग उडी."